रात्रीचे खाकरणे आणि अंथरुणातील धूळ

आमच्या मुलीला सहावे वर्ष लागले त्या पावसाळ्यात तिचे रात्रीचे खाकरणे सुरू झाले. तो खोकला नव्हता. ताप नव्हता, छातीत घरघर नव्हती, दिवसा शाळेत किंवा खेळताना फारसे काही जाणवत नसे. अंथरुणावर पाठ टेकली की थोड्याच वेळात घशाशी काहीतरी अडकल्यासारखे ती ‘खं खं’ करू लागे, मग गिळे, कूस बदले आणि पुन्हा खाकरे. झोप लागल्यावर हे कमी होई, मात्र पहाटे पुन्हा सुरू होई आणि सकाळी उठल्याबरोबर पाच-सहा शिंका येत. आम्ही ठाण्यात पहिल्या मजल्यावर राहतो. जून ते सप्टेंबर आमच्या घरात कपडे धड वाळत नाहीत आणि भिंतीला हात लावला तर ओलसर गारवा लागतो. या ओलाव्याचा मुलीच्या घशाशी थेट संबंध होता, आणि तो उलगडून त्यावर घरात करता येण्यासारखे उपाय बसवायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागले. त्या वर्षात जे कळले आणि जे करून पाहिले ते सविस्तर लिहीत आहे, कारण अशी लक्षणे असलेली मुले आमच्या ओळखीतल्या अनेक घरांत आहेत आणि बहुतेक ठिकाणी उपचार केवळ खोकल्याच्या बाटलीवर थांबलेला आहे.

बालरोगतज्ज्ञांनी पहिल्या भेटीत औषधापेक्षा प्रश्नच जास्त विचारले. मुलगी तोंड उघडे टाकून झोपते का, घोरते का, नाक तळहाताने वर घासते का, डोळ्यांखाली काळसर छटा दिसते का, जेवण झाल्यावर लगेच आडवी होते का, आंबट ढेकर येतात का, खाकरणे झोपेत पूर्ण थांबते की झोपेतही चालू राहते. या प्रश्नांमागचे कारण त्यांनी समजावून सांगितले. मुलांमध्ये सतत घसा साफ करण्याची कारणे मुख्यतः चार-पाच असतात. नाकाच्या मागच्या बाजूने घशात उतरणारा शेंबूड हे सर्वात जास्त आढळणारे. नाकामागच्या ॲडेनॉइड नावाच्या गाठी वाढल्या असतील तर घोरणे आणि तोंडाने श्वास घेणे ठळक असते. पोटातील आम्ल वर येत असेल तर जेवणाच्या वेळेशी संबंध दिसतो. काही मुलांत ही एक नकळत होणारी हालचाल असते, जिला डॉक्टर टिक म्हणतात. ती दिवसाही दिसते, मूल दडपणाखाली असताना वाढते आणि गाढ झोपेत सहसा दिसत नाही. शेवटचे कारण म्हणजे दमा, ज्यात खाकरण्यापेक्षा कोरडा खोकला जास्त असतो, विशेषतः पहाटे आणि धावल्यानंतर.

डॉक्टरांनी आम्हाला काही रात्री फोनवर आवाज मुद्रित करून वेळा लिहून आणायला सांगितल्या. फोन उशापासून दूर टेबलावर ठेवून आम्ही रात्रभराचा आवाज घेतला आणि सकाळी घाईने पुढे सरकवत ऐकला. खाकरण्याचे दोन मोठे पुंजके दिसले: एक अंथरुणावर पडल्यापासून सुमारे अर्ध्या-पाऊण तासातला आणि दुसरा पहाटेचा. मधल्या काळातही ते पूर्ण थांबत नव्हते. जेवण लवकर झाले असो वा उशिरा, त्यात फरक पडत नव्हता. या नोंदींमुळे आम्लाचा आणि टिकचा संशय बराच कमी झाला, असे डॉक्टर म्हणाले.

दुसरा धागा सासूबाईंनी दिला. त्या म्हणाल्या, “मे महिन्यात अकोल्याला असताना पोर एकदाही खाकरली नाही, तुम्ही आठवून बघा.” ते खरे होते. माझे माहेर अकोल्याचे. मे महिन्यात तिथे पारा चाळिशीच्या वर असतो, हवा अगदी कोरडी, आणि रात्री मुले गच्चीवर बाजेवर चादर टाकून झोपतात. तिथून परतल्यावर पाऊस लागला आणि आठवड्याभरातच घशाची तक्रार सुरू झाली. हे डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी ते महत्त्वाचे मानले, पण तेवढ्यावर निष्कर्ष काढला नाही. सुट्टीत शाळा नसते, दडपण नसते, संसर्ग देणारी मुले आसपास नसतात, आणि टिकसुद्धा सुट्टीत कमी होऊ शकते. म्हणून त्यांनी ॲलर्जीच्या तज्ज्ञांकडे त्वचेवरील टोचणी चाचणीसाठी पाठवले.

या चाचणीची मुलांपेक्षा पालकांनाच जास्त धास्ती असते. प्रत्यक्षात ती अर्ध्या तासात संपते. ॲलर्जीवरच्या गोळ्या किंवा सिरप चाचणीच्या काही दिवस आधी बंद करावे लागते, कारण त्यांच्या परिणामात त्वचा प्रतिक्रियाच देत नाही आणि चाचणी खोटी नकारात्मक येते. आम्हाला आठवडाभर आधी सिरप थांबवायला सांगितले होते. सर्दीच्या काही औषधांतही हाच घटक असतो, त्यामुळे घरातल्या प्रत्येक बाटलीवरील नाव वाचून दाखवणे आवश्यक असते. मुलीच्या हाताच्या आतल्या बाजूवर पेनाने खुणा करून वेगवेगळ्या द्रावांचे थेंब ठेवले आणि प्रत्येक थेंबातून टोकदार प्लास्टिकने हलकेच टोचले. रक्त येत नाही. एक थेंब हिस्टामिनचा असतो, जो प्रत्येकालाच गांधी उठवतो, आणि एक साध्या सलाइनचा, जो कोणालाच उठवत नाही. हे दोन्ही अपेक्षेप्रमाणे आले तरच बाकीचे वाचायचे. पंधरा-वीस मिनिटांनी गांधीचा व्यास मोजतात, आणि सलाइनच्या थेंबापेक्षा ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांधी आली तर ती सकारात्मक धरतात. मुलीच्या हातावर सलाइनच्या जागी काहीच नव्हते, हिस्टामिनची गांधी ५ मिलिमीटरची होती आणि अंथरुणाच्या धुळीत राहणाऱ्या डस्ट माइट नावाच्या सूक्ष्म जीवाच्या दोन जातींच्या ठिकाणी ७ व ५ मिलिमीटरच्या गांधी होत्या. झुरळाची जागा नुसती लालसर झाली होती. बुरशी, परागकण आणि मांजर यांच्या जागा स्वच्छ होत्या.

इथे तज्ज्ञांनी एक गोष्ट मुद्दाम सांगितली, जी पुढे मला फार उपयोगी पडली. गांधी आली म्हणजे आजार सिद्ध झाला असे नसते. पुष्कळ निरोगी मुलांच्या हातावरही डस्ट माइटची गांधी उठते. चाचणीचा निकाल, लक्षणांची वेळ आणि जागा बदलल्यावर पडणारा फरक या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवतात तेव्हाच ती ॲलर्जी कारण म्हणून धरायची. आमच्या बाबतीत त्या जुळत होत्या. याच निकालामुळे मुलीचे केळे आणि दही पुन्हा सुरू झाले. घशाची तक्रार म्हटली की आपल्याकडे आधी या दोन पदार्थांवर बंदी येते, आणि सहा वर्षांच्या वाढत्या मुलाच्या ताटातून दही काढून घेण्याला इथे कोणतेही कारण नव्हते.

डस्ट माइट म्हणजे ढेकूण नव्हे. तो चावत नाही, रक्त पीत नाही आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. लांबी साधारण पाव ते तृतीयांश मिलिमीटर, आठ पाय, कोळ्याच्या नात्यातला जीव. माणसाच्या अंगावरून रोज गळणारे कातडीचे सूक्ष्म पापुद्रे हे त्याचे अन्न. तो पाणी पीत नाही, हवेतील दमट वाफ शरीरात शोषून घेतो. त्यामुळे हवेतील आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो सुकून मरतो आणि ७० ते ८० टक्क्यांत झपाट्याने वाढतो. झोपलेल्या मुलाच्या घामाने आणि श्वासाने गादी-उशी ऊबदार व दमट होते, तिथेच पापुद्र्यांचे अन्नही असते, म्हणून घरातील त्याची सर्वात मोठी वस्ती अंथरुणात असते.

पण त्रास मुख्यतः त्या जिवाने होत नाही, त्याच्या विष्ठेने होतो. त्या विष्ठेच्या बारीक कणांत जे प्रथिन असते ते नाकाच्या आतल्या अस्तराला चिथावते. हे कण तुलनेने जड असल्यामुळे हवेत फार वेळ तरंगत नाहीत. चादर झटकली, मूल गादीवर उडी मारून पडले, उशी थोपटली की ते उडतात आणि थोड्या वेळात पुन्हा खाली बसतात. नोंदींतला पडल्यानंतरचा पहिला पुंजका मला इथे नीट समजला. मुलगी अंथरुणावर पडते, कण उडतात, नाक सुजते, पाण्यासारखा शेंबूड तयार होतो आणि उताणे झोपल्यामुळे तो पुढे न येता मागे घशात उतरतो. नाक बंद झाल्याने ती तोंडाने श्वास घेते, घसा कोरडा पडतो आणि पहाटेपर्यंत चिकट झालेला तो शेंबूड काढण्यासाठी ती पुन्हा खाकरते.

याचा दुसरा अर्थ असा, की माइट मारणे आणि कण काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. माइट मेला तरी त्याने सोडलेले कण महिनोन्‌महिने कापडात टिकतात. आमच्या घरातील पुढची सगळी व्यवस्था आम्ही या एका गोष्टीभोवती रचली.

सुरुवात मुलीच्या डोक्यापासून केली, कारण रात्रभर तिचे नाक ज्याला लागलेले असते ते आधी. तिची उशी सावरीच्या कापसाची, जुनी होती. ती काढून धुता येणारी नवी कृत्रिम तंतूंची उशी आणली. कृत्रिम उशीतही माइट होतातच, तिचा फायदा एवढाच की ती पूर्ण धुता येते. उशीला आणि गादीला घट्ट विणीच्या कापडाची, सर्व बाजूंनी बंद होणारी चेनची खोळ घातली. बाजारात ‘मॅट्रेस प्रोटेक्टर’ म्हणून जे बहुतेक मिळते ते फक्त वरची बाजू झाकते आणि कडेला इलॅस्टिकने अडकते. ते पाणी अडवते, पण गादीच्या बाजू व खालचा भाग उघडाच राहत असल्याने आपल्या कामाचे नाही. हवी ती खोळ गादीला पाकिटासारखी पूर्ण बंद करते, आणि तिच्या विणीतील छिद्रे १० मायक्रॉनपेक्षा लहान असावी लागतात. विकत घेताना हा आकडा लिहिलेला आहे का ते पाहावे, आणि हात लावून पाहावे, कारण निव्वळ प्लास्टिकची खोळ आपल्या हवेत घाम आणते आणि मूल रात्री तिच्यावर झोपत नाही. चेनच्या टोकाशी थोडी फट राहते, तिथे आम्ही कापडी चिकटपट्टी लावली. ही खोळ काढायची नसते, फक्त वरून ओल्या फडक्याने पुसायची असते.

खोळीवरची चादर आणि उशीचा अभ्रा दर आठवड्याला धुतो, आणि पांघरूण पंधरवड्याने. पाण्याचे तापमान इथे कळीचे ठरते. ५५ अंश किंवा त्याहून गरम पाण्यात माइट मरतात. थंड पाणी आणि साबण यांनी विष्ठेचे कण बहुतांश निघून जातात, पण जिवंत माइट धाग्यांना घट्ट धरून राहतात आणि ओल्या कपड्यातून तसेच परत अंथरुणावर येतात. ज्यांच्याकडे पाणी तापवणारे यंत्र आहे त्यांनी ६० अंशांचा कार्यक्रम लावला की प्रश्न सुटतो. आमचे यंत्र वरून कपडे टाकायचे, पाणी न तापवणारे आहे, म्हणून आम्ही टबात भिजवण्याची रीत बसवली. टबात आधी नळाचे दोन तांबे पाणी आणि मग त्यावर उकळीचे तीन तांबे, याच प्रमाणात पुढे. नळाचे पाणी २७ अंशांचे धरले तर हिशेबाने मिश्रण ७० अंशांच्या आसपास येते, आणि टब थोडी उष्णता खात असल्याने स्वयंपाकघरातील थर्मामीटरवर प्रत्यक्षात ६५च्या जवळ दिसते. त्यात कोरडे कपडे बुडवून वर ताट झाकतो. ओले कपडे टाकले तर पाणी लगेच निवते. पंधरा मिनिटांनी पुन्हा थर्मामीटर बुडवल्यावर ५५च्या वर असेल तर भिजवणे उपयोगी ठरले असे समजतो, नाहीतर एक पातेले उकळीचे वाढवतो. नंतर नेहमीसारखे यंत्रात धुतो, म्हणजे मेलेले माइट आणि कण दोन्ही वाहून जातात. हे काम मुले शाळेत असतानाच करावे आणि उकळते पाणी नेहमी नळाच्या पाण्यावर ओतावे. लोकरीच्या आणि कच्च्या रंगाच्या कापडांना हे चालत नाही.

सासूबाईंच्या हातच्या गोधडीचा प्रश्न नाजूक होता. जुन्या लुगड्यांचे थर आणि दाट टाके असलेली ती गोधडी मुलीला सोडवत नव्हती, आणि सोडवण्याची गरजही नव्हती. गोधडी धुता येते, हा तिचा कापसाच्या रजईपेक्षा मोठा गुण आहे. आपल्याकडे घटस्थापनेच्या आधी घरातील सगळी अंथरुणे-पांघरुणे काढून धुण्याची आणि कडक उन्हात वाळवण्याची चाल आहे. सासूबाई लहानपणी त्यासाठी नदीवर जात. पावसाळ्यात वाढलेली माइटची वस्ती पाऊस संपल्यावर कोरड्या हवेत घटू लागते, पण तोपर्यंत साठलेले कण कापडातच राहतात, आणि नेमक्या त्याच वेळी ही धुणी येते. आमच्या घरात गोधडी आता दसऱ्यापुरती न ठेवता पंधरवड्याच्या पांघरुणांत गेली आहे, आणि वजन फार होते म्हणून तिच्या दोन लहान गोधड्या सासूबाईंनीच करून दिल्या.

उन्हाबद्दल थोडे लिहायला हवे, कारण गादी उन्हात टाकली की काम झाले असा सर्वत्र समज आहे. कडक ऊन गादीचा पृष्ठभाग सुकवते आणि तिथले माइट मरतात, हे खरेच आहे. परंतु जाड कापसाच्या गादीच्या पोटात ऊन पोहोचत नाही आणि विष्ठेतील प्रथिन उन्हाने नाहीसे होत नाही. म्हणून ऊन दिल्यानंतर गादी बाहेरच, मुले जवळ नसताना, नाकाला रुमाल बांधून बडवावी, आणि मग घरात आणावी. जुनी कापसाची गादी पिंजून नवे कापड घालून घेतली तरी कापूस तोच राहतो. आम्ही मुलीची गादी बदलली आणि जुनी तिच्या खोलीतून पूर्ण बाहेर काढली.

आता खेळणी. मुलीच्या पलंगावर उशीच्या बाजूने केसाळ अस्वले, ससे आणि एक राखाडी हत्ती अशी रांग होती. कापडी खेळण्यात माइटला उशीसारखेच सगळे मिळते, आणि मूल ते छातीशी व नाकाशी धरून झोपते, त्यामुळे उशी धुऊन हत्ती तसाच ठेवला तर निम्मे काम वाया जाते. सगळी खेळणी काढून घेणे हा सोपा मार्ग होता, परंतु झोपेच्या वेळेची ती सोबत हिरावणे आम्हाला योग्य वाटले नाही. तिच्याशी बोलून असे ठरले की पलंगावर एका वेळी एकच खेळणे झोपेल, बाकीची झाकणाच्या डब्यात राहतील आणि दर आठवड्याला पाळी बदलेल. तिने स्वतःच पाळीचा तक्ता काढून कपाटाला चिकटवला.

खेळण्यांना ६५ अंशांचे पाणी सोसत नाही, त्यातील चिकटवलेले डोळे आणि भरण खराब होते. त्यांच्यासाठी थंडीचा उपाय वापरतात. खेळणे प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवतात. कप्पा उणे १८ अंशांच्या आसपास असला पाहिजे, आणि जाड खेळण्याच्या गाभ्यापर्यंत थंडी पोहोचण्यासाठी आम्ही दोन दिवस ठेवतो. जुन्या एकदारी फ्रीजमधील कप्पा पुष्कळदा इतका थंड नसतो. तिथले आइसक्रीम चमच्याला मऊ लागत असेल तर हा उपाय तिथे भरवशाचा नाही. गोठवण्याने माइट मरतात, कण मात्र जागेवरच राहतात. त्यामुळे बाहेर काढल्यावर खेळणे सौम्य साबणाच्या पाण्यात दाबून-दाबून धुवावेच लागते. गोठवून नुसते झटकून परत पलंगावर ठेवले, तर मुलाच्या नाकाला विशेष फरक पडत नाही.

या साखळीत सर्वात जास्त बिघडते ते वाळवणे. जुलैमध्ये पंख्याखाली दोन दिवस टांगलेला हत्ती बाहेरून कोरडा लागे, पण पोटाशी नाक नेले की कुबट वास येई. आतला कापूस ओला राहिला तर बुरशी धरते आणि माइटला हवी ती दमट जागा आपणच तयार करून देतो. हाताने हे ओळखता येत नाही, म्हणून मी स्वयंपाकघरातील वजनकाटा वापरू लागले. धुण्यापूर्वी हत्तीचे वजन ३१० ग्रॅम होते, धुऊन पिळल्यावर ते दुप्पट झाले, बाहेरून कोरडा लागू लागला तेव्हाही काटा ३४५ दाखवत होता, म्हणजे पोटात अजून ३५ ग्रॅम पाणी होते. वजन पुन्हा ३१०वर येईपर्यंत त्याला पंख्याखाली ठेवले, मध्येच केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा दिली. तेव्हापासून प्रत्येक खेळण्याचे कोरडे वजन तक्त्यावर लिहिलेले असते. पावसाळ्यात जे खेळणे दोन-तीन दिवसांत वजनावर येत नाही ते आम्ही दसऱ्यापर्यंत डब्यातच ठेवतो.

खोली झाडण्याची पद्धतही बदलली. कोरड्या केरसुणीने धूळ उडते, म्हणून मुलीच्या खोलीत आधी ओले पोछे आणि कपाटावरून ओला फडका फिरवतो. व्हॅक्युम क्लीनर असेल तर त्याची गाळणी बारीक कण अडवणारी, म्हणजे हेपा प्रकारची असावी. साधे यंत्र ते कण मागच्या बाजूने पुन्हा हवेत सोडते. व्हॅक्युमने कण निघतात, पण धाग्यांना बिलगलेले जिवंत माइट फारसे निघत नाहीत. सफाईच्या वेळी आणि त्यानंतर अर्धा तास मुलीला त्या खोलीत येऊ देत नाही. आणखी एक गोष्ट करायला काहीच खर्च लागत नाही. सकाळी उठल्याबरोबर पांघरूण घडी करून पलंगाच्या पेटीत टाकण्याऐवजी ते आणि चादर उघडी पसरून पंखा लावतो, म्हणजे रात्रीचा दमटपणा निघून जातो. पलंगाच्या बंद पेटीत गरम-ओलसर पांघरूण कोंबणे हे माइटच्या दृष्टीने सर्वात सोयीचे.

आर्द्रता ५० टक्क्यांखाली ठेवा असा सल्ला सगळीकडे मिळतो. किनाऱ्यालगतच्या घरात पावसाळ्यात तो पाळणे जवळजवळ अशक्य आहे. आम्ही एक लहान आर्द्रतामापक आणून खोलीत ठेवला. जुलैमध्ये तो ८०च्या वर असे. वातानुकूलन यंत्र काही तास लावल्यावर ६०च्या आसपास उतरे, बंद केल्यावर पुन्हा चढे. त्यामुळे ठाण्यासारख्या ठिकाणी माइट समूळ जातील ही अपेक्षा आम्ही ठेवली नाही, आणि खोळ व धुणे यांवरच भर दिला. पावसाळ्यात माइट मारणारे फवारे वापरण्याचा मोहही टाळला, कारण मुलाच्या अंथरुणावर रसायन वापरण्याच्या मानाने त्याचा फायदा दिसलेला नाही. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राबद्दलही तज्ज्ञ फार उत्साही नव्हते. जे कण लवकर खाली बसतात आणि नाकाजवळच्या उशीतून उडतात, ते खोलीच्या कोपऱ्यातील यंत्रापर्यंत पोहोचतच नाहीत.

या सफाईने एकट्याने खाकरणे थांबले नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. माइट कमी करण्याचे उपाय दम्यावर किती उपयोगी पडतात याचा अभ्यास पुष्कळ झाला आहे आणि त्याचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. नुसती खोळ किंवा नुसता व्हॅक्युम असा सुटा उपाय बहुधा अपुरा पडतो. तज्ज्ञांनी सुरुवातीलाच नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा दिला होता. तो लगेच नव्हे, तर रोज न चुकता घेतल्यावर एक-दोन आठवड्यांत पूर्ण परिणाम दाखवतो, आणि मान थोडी खाली झुकवून, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने व डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, मधल्या पडद्याकडे नव्हे तर कानाच्या दिशेने मारायचा असतो. पडद्यावर मारला तर नाकातून रक्त येऊ शकते. आधी सलाइनच्या पाण्याने नाक धुऊन घेतले तर फवारा अस्तरापर्यंत पोहोचतो.

फवाऱ्याने पहिल्या काही आठवड्यांत पडल्यानंतरचा पुंजका विरळ झाला. सफाईचा परिणाम हळू आला, पण तो आला आहे हे आम्हाला हिवाळ्यात कळले, जेव्हा तज्ज्ञांनी फवारा कमी करत नेऊन थांबवला आणि तरीही मुद्रित आवाजात पहाटेचे खाकरणे तुरळकच राहिले. हिवाळ्यात हवा कोरडी असते, म्हणजे यात ऋतूचा वाटाही आहे. खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्यात होती. त्या वर्षी फवारा जूनच्या आधीच सुरू केला आणि खाकरणे परतले, पण आदल्या वर्षापेक्षा पुष्कळ कमी आणि बहुतेक पाहुण्यांच्या घरी झोपलेल्या रात्री. तेव्हापासून प्रवासात तिची स्वतःची उशी खोळीसकट बरोबर असते.

तज्ज्ञांनी जिभेखाली द्यायच्या थेंबांच्या उपचाराबद्दलही सांगितले आहे. त्यात ज्याची ॲलर्जी आहे त्याचाच अंश थोडा-थोडा देऊन शरीराला सवय लावतात, तो साधारण तीन वर्षे रोज घ्यावा लागतो, आणि आमचा त्रास सध्या आटोक्यात असल्याने तो निर्णय आम्ही पुढे ढकलला आहे. धावल्यावर खोकला, शिट्टीसारखा श्वास किंवा खोकल्याने मध्यरात्री जाग येणे यांपैकी काही दिसले तर मात्र नाकावर थांबायचे नाही, कारण नाकाची ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना पुढे दमा होतो. मुलगी आता फुंकर मारण्याची चाचणी नीट करू शकेल एवढी मोठी झाली आहे, आणि या पावसाळ्यानंतरच्या भेटीत तिच्या श्वासाची ती तपासणी ठरलेली आहे.